ताटातली नथ, नाकातली नथ

"दादा, हीच नथ हवी. आमच्या आईची होती," असं म्हणत नवरीच्या आत्यांनी फोन पुढे केला. स्टीलच्या ताटात, हळदीकुंकवाच्या कोयरीशेजारी ठेवलेली मोत्यांची नथ. फोटो जुन्या बटणांच्या मोबाइलवर काढलेला, ६४० बाय ४८० पिक्सेलचा. नथ पुढे चोरीला गेली, मोबाइलही गेला, मेमरी कार्डातला हा एक फोटो तेवढा राहिला. लग्नात नवरीनं भाड्याची नथ घालायला साफ नकार दिला होता. आता हॉलमध्ये लावायच्या बारा बाय अठरा इंची फ्रेममध्ये मात्र आजीची नथ तिच्या नाकात दिसायला हवी होती.

फोटोत एखादी वस्तू नंतर बसवणं हे आम्हा एडिटिंगवाल्यांचं रोजचं काम. वस्तू कापणं, फिरवणं, रंग जुळवणं हे सगळं शिकता येतं. पण वस्तू लहान फोटोतून आणून मोठ्या फोटोत बसवायची असेल तर एक तक्रार हमखास येते: "बाकी छान आहे हो, पण ती नथ जरा पुसट वाटते." गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही, पण डोळ्याला कळलेलं असतं. शेजारची पापणी केसाकेसानं दिसते आणि नथ मात्र तुपात बुडवून काढल्यासारखी.

अशा वेळी पहिला मोह होतो तो शार्पनिंगचा स्लायडर ओढायचा. मी आधी मोजतो. ताटातल्या फोटोत नथीची रुंदी होती ८४ पिक्सेल. नवरीचा फोटो २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावरचा, उभा, ४००० बाय ६०००. त्यात नाकाच्या मापानं नथ यायला हवी २८० पिक्सेल रुंद. म्हणजे सव्वातीन पटींहून थोडी जास्त वाढ. हाच फोटो फोनवर किंवा कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर पूर्ण पाहिला तर तो इतका लहान होऊन दिसतो की नथीच्या वाट्याला जेमतेम ५० पिक्सेल येतात. तिथं ८४ पिक्सेलची नथ पुरून उरते. म्हणून गिऱ्हाईक फोनवर "मस्त" म्हणतं आणि फ्रेम भिंतीवर लागली की फोन करतं. छपाई आठ बाय बारा इंची असती, तर इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशेबानं नथ १६८ पिक्सेलमध्ये भागली असती, म्हणजे नेमकी दुप्पट. दुप्पट वाढ बहुतेक वेळा खपून जाते. बारा बाय अठराला मात्र जवळपास सगळे पिक्सेल कागदावर उतरतात आणि लपायला जागा राहत नाही. म्हणून कुठल्या आकारात छापायचंय हे विचारल्याशिवाय मी माउसला हात लावत नाही.

आता ८४ पिक्सेलच्या नथीत काय असतं ते जवळून पाहू. चार मिलिमीटरचा एक मोती त्यात साधारण दहा पिक्सेल रुंदीचा येतो. त्यातले दोन-तीन पिक्सेल एका बाजूच्या काठात जातात, तेवढेच दुसऱ्या बाजूच्या. पोटात उरले पाच. त्या पाचात मोत्याची झाक, खालची सावली आणि वरचा चमकता ठिपका. तो ठिपका म्हणजे एक किंवा दोन पिक्सेल. वर पुन्हा हा जेपेग. १९९२ साली ठरलेल्या या पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे आवळला जातो. म्हणजे आमच्या नथीत एका मोत्याला जवळजवळ एक चौकोन. मोत्याचा गोल कुठे संपतो आणि जेपेगची चौकट कुठे सुरू होते हे वेगळं काढणं कठीण. रंगाची स्थिती त्याहून वाईट. डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून जेपेग बहुतेक वेळा चार पिक्सेलांना मिळून एकच रंग साठवतो. परिणामी मधल्या लाल खड्याचा रंग शेजारच्या दोन्ही मोत्यांवर ओघळला होता. मोती गुलाबी दिसत होते. ते गुलाबी नव्हतेच.

असं चित्र मोठं करायला सांगितलं की सॉफ्टवेअर काय करतं? जुन्या पिक्सेलांच्या मध्ये नवे पिक्सेल घालतं आणि त्यांची किंमत शेजाऱ्यांवरून ठरवतं. बायक्युबिक नावाची नेहमीची पद्धत आजूबाजूचे सोळा पिक्सेल बघते आणि त्यांतून एक गुळगुळीत वळण काढते. काळ्या आणि पांढऱ्याच्या मध्ये ती करडे टप्पे भरते, याहून जास्त काही तिला करता येत नाही. मूळ फोटोत जी धार अडीच पिक्सेलांत काळ्याची पांढरी होत होती, ती आता आठ-नऊ पिक्सेलांत होते. पुसटपणा म्हणतात तो हाच. तो मोजता येतो. फोटो ८०० टक्के मोठा करून धारेच्या गडद बाजूपासून उजळ बाजूपर्यंत किती पिक्सेल बदलतायत ते मोजायचं. दोन्हीकडची शेवटची दहा-दहा टक्के सोडून द्यायची, कारण तिथं बदल रेंगाळतो आणि मोजणी चुकते.

कॅमेऱ्याच्या चांगल्या फोटोतसुद्धा धार कधी एका पिक्सेलात उतरत नाही. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची काच असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेली ही जाळी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडून उसने घेतले जातात, त्यात धार थोडी पसरते. त्यामुळे नवरीच्या पापणीची धार दोन-तीन पिक्सेलांची भरली. हे अपेक्षितच होतं.

पण पापणी नथीची शेजारीण नाही. नथ नाकपुडीला लटकते, म्हणून मी नाकपुडीची धार मोजली. ती निघाली चार ते पाच पिक्सेल! फोटो ओसरीवर, ८५ मिलिमीटरच्या लेन्सनं, एफ १.८ वर, दोनेक मीटरवरून काढलेला. इतक्या उघड्या लेन्सला स्पष्ट दिसणारा पट्टा पुढेमागे मिळून पाचेक सेंटिमीटरचा असतो, आणि फोकस डोळ्यावर होता. नाकपुडी डोळ्याच्या दीड-दोन सेंटिमीटर पुढे, म्हणजे पट्ट्याच्या कडेला. नथ खरोखर घातलेली असती तरी ती पापणीइतकी धारदार आली नसती.

नवशिका पोरगा चुकतो तो इथंच. नथ पुसट म्हणतात ना, मग तो तिला फोटोतल्या सगळ्यात स्पष्ट गोष्टीइतकी धार देतो. मग नथ पुसट दिसत नाही, स्टिकर दिसते. माझं उद्दिष्ट ठरलं: नऊवरून साडेचारवर यायचं, दोनवर नाही.

नऊचे साडेचार करायला अनशार्प मास्क चालेल असं वाटतं. थोडंसं चालतं. पण शार्पनिंग धारेची रुंदी फारशी कमी करत नाही; धारेच्या गडद बाजूला अजून गडद आणि उजळ बाजूला अजून उजळ करतं. जास्त ओढलं की मोत्याभोवती पांढरी किनार उमटते आणि जेपेगच्या चौकोनांनाही धार येते. आमच्या भाषेत फोटो 'फाटतो'. हल्ली शिकवलेली सॉफ्टवेअरं मिळतात, ती लाखो फोटो पाहून तपशील अंदाजानं भरतात. एकात नथ घालून पाहिली. आली झकास, चकचकीत. फक्त खालच्या दोन मोत्यांचं तिनं एक छोटं फूल करून टाकलं होतं. कापडाच्या पोताला, गवताला, भिंतीला हे चालून जाईल. आत्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या नथीला नाही.

मग उरतो जुना रस्ता: मोठं केलेलं चित्र फक्त खालच्या खुणेसारखं वापरायचं आणि वस्तू त्यावर नव्यानं उभी करायची. रांगोळी काढताना ठिपके जसे असतात, तसं.

आधी साफसफाई, आणि तीही मूळ ८४ पिक्सेलांवरच. मोठं केल्यावर जेपेगचा आठ पिक्सेलांचा चौकोन सत्तावीस पिक्सेलांचा होतो, तेव्हा तो पुसणं महाग पडतं. वर एक थर घेऊन त्याची पद्धत Color ठेवली आणि मोत्यांवर मोत्याचा पिवळसर पांढरा रंग फिरवला. या पद्धतीत उजेड-अंधार खालचाच राहतो, रंग तेवढा बदलतो. गुलाबी झाक गेली.

मग वाढ. लागते त्याच्या दुप्पट, म्हणजे ५६० पिक्सेलपर्यंत, आणि एकाच दमात. फोटोशॉपच्या Image Size मध्ये Preserve Details 2.0 निवडलं. एकाच दमात म्हणायचं कारण असं की दरवेळी चित्र ताणलं, फिरवलं, पुन्हा थोडं ताणलं, की दरवेळी पिक्सेल नव्यानं मोजले जातात आणि दरवेळी थोडे पुसट होतात. चार वेळा हलवलेली वस्तू आणि एकदाच हलवलेली वस्तू शेजारी ठेवून पाहा, फरक डोळ्यात भरतो. म्हणून ती आधी Smart Object करायची. मग कितीही वेळा फिरवा, हिशेब मूळ चित्रावरूनच होतो.

दुप्पट का? कारण मोठ्या आकारात हातानं केलेलं काम लहान करताना आपोआप घट्ट होतं. साइनबोर्ड रंगवणाऱ्याचा ब्रश जवळून ओबडधोबड दिसतो आणि रस्त्याच्या पलीकडून अक्षर रेखीव वाटतं, त्यातलाच प्रकार.

५६० पिक्सेलांच्या त्या धूसर नथीवर पेन टूलनं सोन्याची तार काढली आणि प्रत्येक मोत्याला त्याचा स्वतंत्र गोल दिला. कडा आता धूसर चित्राच्या राहिल्या नाहीत, माझ्या रेषेच्या झाल्या. डोळा वस्तूची धार पाहून ती स्पष्ट की अस्पष्ट ते ठरवतो. पोटातला तपशील थोडा कमी असला तरी चालवून घेतो. म्हणून मोत्यांच्या पोटात बरीचशी जुनीच झाक ठेवली. खाली मात्र अडलो. तीन मोती होते की चार? ८४ पिक्सेलांत तिथं एक पांढरट गोळा होता. आत्यांना फोन केला. "खाली तीन. आणि मधला जरा पिवळट, तो नंतर बदललेला," असं त्यांनी एका दमात सांगितलं. हे उत्तर कुठल्याही फिल्टरमध्ये नव्हतं.

चमकेचे ठिपके सगळे नव्यानं काढावे लागले. ताटातल्या फोटोत उजेड उजवीकडून होता, नवरीवर डावीकडून. चित्र उलटं करून चालत नाही, कारण नथीचा बाक डाव्या नाकपुडीसाठीच घडवलेला असतो. उलटी नथ आत्या लांबूनच ओळखतील. उजेडाचा आकार मिळाला नवरीच्या डोळ्यात. बुबुळावर ओसरीच्या दाराचा उभा पांढरा चौकोन पडला होता. मोती म्हणजेही छोटा गोल आरसाच, त्यात तेच दार दिसणार, फक्त आणखी बारीक आणि थोडं वाकलेलं. तसा एक-एक उभा ठिपका प्रत्येक मोत्याच्या डाव्या खांद्यावर दिला. खालच्या बाजूला गालाच्या रंगाची हलकी ऊब दिली, कारण मोत्याला त्वचाही दिसत असते. मोती जिवंत वाटतो तो या उबेनं. ती नसेल तर प्लास्टिकचा मणी.

एवढं झाल्यावर नथ २८० वर आणली. धार मोजली तर दोन पिक्सेल. आता उलटं काम: साडेचारपर्यंत मऊ करायचं. Gaussian Blur दीडच्या आसपास ठेवल्यावर नाकपुडीशी जुळलं. एवढा खटाटोप करून धारदार केलेली वस्तू शेवटी मऊ करायची हे पाहून आमच्या स्टुडिओतल्या पोराला हसू येतं. पण हा मऊपणा लेन्सचा आहे, ताणलेल्या चित्राचा नाही. ताणलेल्या चित्रात धार, चमक, रंग सगळं सारखंच विरघळतं. लेन्सच्या मऊपणात चमकेचा ठिपका ठिपकाच राहतो, थोडा फुगतो इतकंच.

तरीही नथ वेगळी दिसत होती. इथं बरेच जण थांबतात आणि पुन्हा शार्पनिंगकडे वळतात. दोष धारेत नव्हता, रव्यात होता. ओसरीवर उजेड कमी म्हणून आयएसओ वाढवलेला, त्यामुळे सगळ्या फोटोवर बारीक रवा होता. माझी रंगवलेली नथ मात्र लोण्यासारखी स्वच्छ. रवाळ पृष्ठभागाच्या मध्ये गुळगुळीत तुकडा आला की डोळा त्याला पुसटच म्हणतो, धार कितीही जुळवा. हे पकडायची युक्ती अशी: सगळे थर एकत्र करून त्याच्या प्रतीवर High Pass फिल्टर एक-दोन पिक्सेलवर लावायचा. फोटो करडा होतो, फक्त धारा आणि रवा उरतो. माझ्या फोटोत सगळीकडे वाळू पसरलेली आणि मधोमध नथीच्या आकाराचं सपाट, करडं बेट.

रवाही मोजता येतो. Histogram पॅनेल मोठं करून उघडलं की Std Dev नावाचा आकडा दिसतो. निवडलेल्या भागातले पिक्सेल सरासरीपासून किती हलतात ते तो सांगतो. मागच्या धूसर भिंतीवर, मोत्याइतक्याच उजेडाच्या जागी, तो तीनच्या जवळ होता. नथीच्या वर ५० टक्के करड्या रंगाचा थर घेतला, पद्धत Overlay, आणि तो फक्त नथीपुरता बांधला. त्यात Add Noise दिला. नुसता दिला तर रवा फार टोकदार येतो, कारण कॅमेऱ्याचा रवा रंग उसने घेताना थोडा पसरलेला असतो. म्हणून त्या थराला अर्ध्या पिक्सेलचा ब्लर. मग बाजूला केलेल्या एका सपाट करड्या तुकड्यावर तपासत आकडा तीनपर्यंत आणला. ब्लरनं आकडा उतरतो, तेव्हा नॉइज पुन्हा वाढवावा लागतो. दोन-तीन फेऱ्या होतात. क्रम मात्र बदलायचा नाही. कॅमेऱ्यात आधी लेन्स मऊ करते आणि मग सेन्सर रवा टाकतो. आपणही आधी मऊ करायचं, मग रवा. उलट केलं तर रवाही मऊ होतो आणि बेट परत दिसू लागतं.

शेवटी गालावर नथीची बारीक सावली. ती टेकते तिथं गडद, लांब जाईल तशी विरळ. हे कुणीही करतो, त्यावर जास्त लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. हे सगळं घरातल्या फ्रेमसाठी. याच आत्यांनी विचारलं होतं, "मोठा केलेला नथीचा फोटो पोलिसांना देता येईल का?" मी नको म्हटलं. चोरीच्या कामाला ताटातला ८४ पिक्सेलांचा फोटोच द्यायचा, जसा आहे तसा, कारण माझ्या नथीतला अर्धा भाग मी काढलेला आहे.

पूर्ण फ्रेम छापण्याआधी नाकापासून हनुवटीपर्यंतची एक पट्टी खऱ्या मापात छापून घेतली. स्क्रीनवर शंभर टक्के बघितलं तरी कागदावर शाई थोडी पसरते आणि निर्णय बदलतात. रवा तर कागदावर नेहमी थोडा कमी दिसतो. आत्यांनी पट्टी हातभर लांब धरली, मग डोळ्यांजवळ आणली. पुसट असं त्या काही बोलल्या नाहीत. बोट ठेवून म्हणाल्या, "इथं तार जरा चेपलेली होती. मी लहानपणी पायाखाली घेतली होती."

मी ताटातला फोटो पुन्हा उघडला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मोत्यामध्ये तार खरंच दोन पिक्सेल आत गेलेली होती. मला ती जेपेगची करामत वाटली होती आणि पेन टूलनं मी ती सफाईदार सरळ करून टाकली होती. रेषेवरचे दोन बिंदू आत ओढले, ब्लर आणि रवा आपोआप वर बसले, आणि दुसरी पट्टी छापायला टाकली.